जवळ नसलेली संत्री आधी विकायची कशी?

मॅडम, मी सांगलीत एस.वाय.बी.कॉम.ला आहे. अकाउंट्स जमतं, पण इकॉनॉमिक्स आणि बँकिंगचं पुस्तक उघडलं की झोप येते. सुट्टीत 'स्कॅम १९९२' बघितली, खूप आवडली. पण मैत्रिणीनं विचारलं, "ते बीआर म्हणजे नक्की काय गं?" तर मला धड सांगता येईना. पैसा, धंदा, बाजार यांवरचे असे कुठले सिनेमे आहेत, जे बघताना मजा येईल आणि डोक्यातही काहीतरी राहील? पन्नास नावांची यादी नको, ती कुठेही मिळते. कुठून सुरुवात करू आणि कसं बघू, ते सांगा. इंग्रजी चालेल, खाली अक्षरं असली की समजतं.

आधी तुझ्या मैत्रिणीचं उत्तर देऊन टाकते, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघणार आहे.

समज, 'अ' बँकेला पंधरा दिवसांसाठी पैशांची गरज आहे आणि तिच्याकडे सरकारी रोखे आहेत. ती ते रोखे 'ब' बँकेला विकते आणि त्याच वेळी कबूल करते की, पंधरा दिवसांनी थोडी जास्त किंमत देऊन मी ते परत घेईन. कागदावर ही विक्री आणि फेरखरेदी असते, पण मुळात रोखे तारण ठेवून घेतलेलं पंधरा दिवसांचं कर्ज. याला रेडी फॉरवर्ड म्हणायचे. आता रोखे 'ब'च्या नावावर करायचे तर रिझर्व्ह बँकेच्या वह्यांमध्ये नोंद व्हायला हवी, आणि तेव्हा तो कारभार हातानं आणि संथ चालायचा. म्हणून 'अ' बँक 'ब'ला एक पावती लिहून द्यायची: पैसे मिळाले, तुमचे रोखे आमच्याकडे आहेत, यथावकाश देऊ. ही पावती म्हणजे बँक रिसीट, बीआर.

घोटाळ्याला वाट मिळाली ती दोन ठिकाणी. एक म्हणजे, पावतीमागे रोखे आहेत की नाहीत हे कुणी जाऊन बघत नव्हतं. दुसरं, दोन बँकांच्या मध्ये दलाल होता आणि एका बँकेनं दुसरीसाठी काढलेला चेक त्या दलालाच्या खात्यात जमा होऊ दिला जात होता. तो पैसा त्याच्याकडे काही आठवडे राहिला की शेअर बाजारात फिरायला मोकळा. पुढे चौकशीत मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक आणि बँक ऑफ कराड यांनी दिलेल्या अशा बीआर सापडल्या, ज्यांच्यामागे रोखे नव्हतेच. तुझ्या शेजारचंच कराड. 'ब' बँकेच्या ताळेबंदात 'गुंतवणूक' म्हणून रुबाबात उभी असलेली रक्कम खरं तर एका चिठ्ठीवर उभी होती.

हे मालिकेत दाखवलंय, तरी तुझ्या लक्षात राहिलं नाही. त्याचं कारण साधं आहे. तू हर्षद मेहता हा माणूस बघत होतीस, त्याचं बोलणं, त्याची गाडी, त्याची पडझड. व्यवहार मागून पळत होता. म्हणून पुढचा सिनेमा बघताना एक कागद घे आणि त्यावर तीन रकाने आख. पैसे कुणाकडून कुणाकडे गेले. बदल्यात काय मिळालं. आणि जे मिळालं ते खरंच हातात आलं, की फक्त शब्द मिळाला? सगळा सिनेमा या कागदावर उतरवू नकोस, वीट येईल. प्रत्येक सिनेमातला एकच व्यवहार निवडायचा, तेवढ्यापुरतं थांबवायचं आणि भरायचं. बाकी वेळ शेंगदाणे खात बघ.

मी तुला तीनच सिनेमे सांगणार आहे.

पहिला 'ट्रेडिंग प्लेसेस', १९८३ सालचा. विनोदी आहे, एडी मर्फी आणि डॅन अ‍ॅक्रॉइड आहेत. फिलाडेल्फियातले ड्यूक नावाचे दोन म्हातारे कोट्यधीश भाऊ एका डॉलरची पैज लावतात आणि त्यापायी आपल्या पेढीतल्या तरुण साहेबाला रस्त्यावर आणतात, रस्त्यावरच्या माणसाला साहेब करतात. फसवले गेलेले ते दोघे एकत्र येऊन सूड घेतात, तो शेवटच्या पंधरावीस मिनिटांत. आधीच सांगते, घरच्यांबरोबर बसून बघायचा सिनेमा नाही हा. काही दृश्यं उघडी आहेत, आणि गोऱ्या माणसानं तोंड काळं करून केलेला एक विनोद आज बघवत नाही. पण शेवटचा प्रसंग वायदे बाजार शिकायला इतका चांगला आहे की मी त्या सगळ्यासकट तो सुचवते.

बहुतेक लोक हा शेवट बघून टाळ्या वाजवतात आणि नेमकं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. तेच आपण बघू.

बाजार आहे गोठवलेल्या संत्र्याच्या रसाचा. हा रस आटवून, गोठवून महिनोन्‌महिने ठेवता येतो, म्हणून त्याचे वायदे होतात. फ्लोरिडात हिवाळ्यात कडक थंडी पडली की संत्री जातात आणि भाव चढतो. पीक किती येणार याचा सरकारी अंदाज जाहीर होतो, त्या क्षणी भाव हलतो. तोवर तो अहवाल कुलूपबंद असतो. ड्यूक बंधूंनी एका माणसाला पैसे चारून तो अहवाल आधी मिळवायची व्यवस्था केलेली असते. आपले दोघे मधल्या मध्ये खरा अहवाल पळवतात आणि ड्यूकच्या हातात खोटा देतात. खोट्यात लिहिलंय, पीक गेलं. खऱ्यात, पिकाला काही झालेलं नाही.

सकाळी बाजार उघडतो तेव्हा भाव पौंडाला साधारण एक डॉलर असतो. ड्यूकचा माणूस येईल त्या भावाला खरेदी करत सुटतो. बाकीचे दलाल ते बघतात, ड्यूकना काहीतरी माहीत असणार असं समजून तेही घ्यायला धावतात. भाव चढत जातो. आपले दोघे गप्प उभे. भाव १४२ सेंटवर पोचतो तेव्हा त्यांच्यातला एक ओरडतो: विकतो! एप्रिलचा माल, १४२ला!

इथे थांबव. कागद घे.

त्यांच्याकडे संत्र्याचा एक थेंब नाही. मग विकलं काय? एप्रिलमध्ये अमुक इतका रस १४२ सेंटनं देण्याचं वचन. समोरच्यानं दिलं काय? तो रस त्या भावानं घेण्याचं वचन. दोघांनी बाजाराकडे थोडी रक्कम हमी म्हणून ठेवली, ती मार्जिन. म्हणजे तिसऱ्या रकान्यात या घडीला दोन्ही बाजूंना फक्त शब्द आहे. तुला वर्गात शिकवलेला क्रम आधी खरेदी, मग विक्री. इथे तो उलटा आहे. आधी विक्री, मग खरेदी. याला शॉर्ट करणं म्हणतात, आणि मुलं अडखळतात ती याच पायरीवर.

आता पुढे. टीव्हीवर कृषिमंत्री अहवाल वाचतो: थंडीचा पिकावर परिणाम झालेला नाही. सगळ्या बाजाराच्या हातात महागातली खरेदी आहे आणि सगळ्यांना ती एकदम विकायची आहे. भाव कोसळतो. आपले दोघे आता शांतपणे खरेदी करत राहतात, आणि भाव शेवटी २९ सेंटवर येऊन थांबतो. विकायचं वचन दिलं होतं, घ्यायचं वचन घेतलं. दोन्ही वचनं एकमेकांना फेडतात आणि मधला फरक रोख मिळतो. आपल्याकडे याला सौदा स्क्वेअर ऑफ करणं म्हणतात.

आकडा मांडून बघ. या वायद्याचा एक सौदा १५,००० पौंडांचा. १४२ सेंटनं त्याची किंमत २१,३०० डॉलर. २९ सेंटनं ४,३५० डॉलर. एका सौद्यामागे फायदा १६,९५० डॉलर. सोयीसाठी मी सगळी खरेदी २९ला धरली आहे, सिनेमात ती वरपासून खालपर्यंत टप्प्याटप्प्यानं होते. त्यांनी रसाचं एक पिंपही पाहिलेलं नाही. हा पैसा संत्र्यातून आलेला नाही, महागात घेऊन बसलेल्यांच्या खिशातून आलेला आहे. वायद्यात एकाचा फायदा तेवढाच दुसऱ्याचा तोटा.

आणि ड्यूक बंधू? बाजार बंद झाल्याबरोबर अधिकारी येऊन त्यांच्याकडे ३९ कोटी ४० लाख डॉलरचं मार्जिन मागतो. आत्ताच्या आत्ता. भाव विरुद्ध गेला की तोटा वायदा संपेपर्यंत लांबत नाही, रोज बाजार बंद होताना हिशेब होतो आणि कमी पडेल ते भरावं लागतं. त्यांच्याकडे तेवढी रोकड नाही, म्हणून बाजारातल्या त्यांच्या जागा विकायचा हुकूम तिथल्या तिथे सुटतो. एक भाऊ ओरडत राहतो, यंत्रं परत सुरू करा! मला या सिनेमातलं सगळ्यात खरं वाक्य ते वाटतं. वायद्यात बुडणाऱ्या प्रत्येकाला आणखी थोडा वेळच हवा असतो.

तू अकाउंट्सवाली आहेस, तर आणखी एक गंमत कर. ३९.४ कोटीला १६,९५० नं भाग. साधारण २३ हजार सौदे येतात. ड्यूकनी काही माल १४२च्या खालीही घेतला असणार, म्हणजे सौदे याहून जास्तच. २३ हजार गुणिले १५ हजार पौंड म्हणजे जवळपास ३५ कोटी पौंड रस. दोन म्हाताऱ्यांनी तासाभरात एवढा रस बांधून ठेवला असेल, तर ते भावाचा अंदाज घेत नव्हते, बाजारच मुठीत घ्यायला निघाले होते. हे सिनेमा बोलून दाखवत नाही. ते आकड्यांतून निघतं.

सिनेमानं सूट कुठे घेतली आहे तेही लक्षात ठेव. अशा बाजारांत साधारणपणे एका दिवसात भाव किती हलू द्यायचा याला मर्यादा असते, ती ओलांडली की व्यवहार अडतो. एका सकाळी १४२वरून २९ हे पडद्यावरच शोभतं. दुसरी गोष्ट, आपले नायकही चोरलेल्या सरकारी माहितीवरच पैसे कमावतात. गुन्हा नव्हता का? शेअर्सबद्दल असता. पण शेतमालाच्या वायद्यात चोरलेल्या सरकारी माहितीवर सौदा करायला अमेरिकेत तेव्हा स्पष्ट बंदी नव्हती. ती आली २०१० साली, डॉड-फ्रँक कायद्याच्या कलम ७४६ नं. तिथल्या वायदे बाजार आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी हे कलम मागताना या सिनेमाचाच दाखला दिला, म्हणून त्याला 'एडी मर्फी नियम' असं नाव पडलं.

एक मोठी गोष्ट मात्र सिनेमा दाखवतच नाही: हा बाजार मुळात कशासाठी आहे. ते तुला सांगलीत बसून समजू शकतं. हळदीचे वायदे एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात होतात, एक सौदा ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटल. समज, एखाद्या बागायतदाराची ५० क्विंटल हळद निघायची आहे आणि वायद्याचा भाव क्विंटलला १४,००० आहे. हा आकडा हिशेबापुरता धर. तो आज एक सौदा विकून ठेवतो. माल तयार होईपर्यंत मार्केट यार्डात भाव १२,००० झाला. हळदीत त्याचे अपेक्षेपेक्षा एक लाख कमी आले, पण १४,०००ला विकलेला वायदा १२,०००ला परत घेतल्यामुळे तिकडे एक लाख मिळाले. भाव १६,००० झाला असता तर यार्डात मिळालेला जास्तीचा लाख वायद्यात गेला असता. दोन्हीकडून हातात १४,०००च. मात्र त्या दुसऱ्या वेळी एक अडचण होते. हळद अजून शेतात किंवा शिजवायच्या कढईत असते आणि मार्जिनचे पैसे मात्र रोज मागितले जातात. छोटा शेतकरी वायद्यापासून लांब राहतो, त्यात या रोकडीचा वाटा मोठा आहे. सिनेमातले नायक करतात तीच कृती हा शेतकरी करतोय, आधी विक्री मग खरेदी. फरक एवढाच की त्याच्याकडे माल आहे, म्हणून त्याचा धोका कमी होतो आणि त्यांचा वाढतो.

दुसरा सिनेमा जुना, काळापांढरा, १९४६ चा. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. नाताळात अमेरिकन घरोघरी रडत रडत बघतात तो. तुला त्यातला देवदूत आवडेल की नाही माहीत नाही, मला फारसा आवडत नाही. पण त्यात जॉर्ज बेली एक छोटी पतसंस्था चालवतो, आणि नेमका त्याच्या लग्नाच्या दिवशी गावात घबराट पसरून सगळे ठेवीदार पैसे काढायला येऊन उभे राहतात. तो प्रसंग बँकिंगच्या दहा पानांच्या तोडीचा आहे.

लोक म्हणतात, आमचे पैसे द्या. जॉर्ज समजावतो की तुमचे पैसे इथे तिजोरीत नाहीतच. ते अमक्याच्या घरात आहेत, तमक्याच्या घरात आहेत. तुम्ही ते त्यांना घर बांधायला दिलेत आणि ते जमेल तसे फेडणार आहेत. आता तीन रकाने भर. ठेवीदारानं पैसे दिले, बदल्यात 'मागाल तेव्हा परत' हा शब्द मिळाला. संस्थेनं तेच पैसे कर्ज म्हणून दिले, बदल्यात वर्षानुवर्षं हप्ते देण्याचा शब्द मिळाला. देणं आजचं, येणं अनेक वर्षांचं. प्रत्येक बँक रोज या फरकावर उभी असते. सगळे एकाच दिवशी येत नाहीत म्हणून चालतं.

त्याच वेळी गावातला धनाढ्य पॉटर ठेवीदारांना सांगतो, तुमचे हक्क मला विका, डॉलरला पन्नास सेंट देतो. हे वाक्य निसटू देऊ नकोस. तो मूर्ख नाही. त्याला माहीत आहे की घरं उभी आहेत, हप्ते येणार आहेत, म्हणजे ही कर्जं पूर्ण किमतीची आहेत. लोकांकडे धीर नाही आणि त्याच्याकडे रोकड आहे, म्हणून शंभराची वस्तू तो पन्नासाला मागतो. जॉर्ज आणि त्याची बायको मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर काउंटरवर आणतात, ज्याला जेवढी नड तेवढे देतात, आणि संध्याकाळी बंद करायच्या वेळी दोन डॉलर शिल्लक राहतात. संस्था वाचते.

ती वाचली, कारण अडचण रोकडीची होती, मालमत्तेची नव्हती. परीक्षेत लिक्विडिटी आणि सॉल्व्हन्सी यांतला फरक विचारतात तो हाच. याची उलटी बाजू तुला महाराष्ट्रातच दिसेल. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि सुरुवातीला सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील असं ठरलं. बाहेर तीच गर्दी, तोच संताप. पण इथे कुणी जॉर्ज बेली घरातली रोकड घेऊन आला असता तरी उपयोग नव्हता. कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेला होता, आणि रिझर्व्ह बँकेला दिलेल्या माहितीत तो दिसत नव्हता. तिथे घरंच उभी नव्हती, असं म्हण. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरच्या विम्याची मर्यादा एक लाखाची पाच लाख झाली. बँकेबाहेर रांग दिसली की पहिला प्रश्न 'पैसे आहेत का' हा नसतो. 'दिलेली कर्जं परत येणार आहेत का' हा असतो, आणि त्याचं उत्तर रांगेतल्या माणसाला कधीच दिसत नाही, म्हणून तो रांगेत उभा राहतो. त्याच्या जागी तो शहाणपणाच करत असतो.

तिसरा आपला. 'मंथन', १९७६, श्याम बेनेगल. पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटील, गिरीश कर्नाड, नसीरुद्दीन शाह आणि दुधाचा खाजगी व्यापारी झालेले अमरीश पुरी. हा सिनेमा सुरू व्हायच्या आधीच त्याच्या भांडवलात एक धडा आहे. गुजरातच्या सहकारी दूध महासंघाच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांत तो बनला. मग हेच सभासद आपला सिनेमा बघायला गावोगावहून आले. निर्माता आणि प्रेक्षक एकच, असं सिनेधंद्यात फारसं घडत नाही.

यात तुला बाजार बघायचा नाही, मोजमाप बघायचं आहे. दुधाची किंमत लिटरवर ठरत नाही, त्यातल्या स्निग्धांशावर ठरते. तुझ्याकडच्या डेअरीत गायीच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, हा पाया धरतात, हे तुझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना पाठ असेल. आता फॅट किती हे सांगणार कोण? नुसतं बघून कळत नाही. व्यापारी म्हणाला 'आज फॅट लागली नाही', तर दूध घालणारी बाई काय म्हणणार? दूध परत नेलं तर संध्याकाळपर्यंत नासतं.

कागदावर घे. म्हशीचं १० किलो दूध, खरी फॅट ७ टक्के. म्हणजे ७०० ग्रॅम फॅट. सोयीसाठी फॅटचा दर किलोला ८०० रुपये धर. तिला ५६० मिळायला हवेत. व्यापाऱ्यानं ५ टक्के लिहिली की ४०० झाले. दर बदलला नाही, वजन मारलं नाही, एका आकड्यानं १६० रुपये गेले. रोज. सिनेमात शहरातून आलेले डॉ. राव दूध तपासायला लागतात तेव्हा गावातल्या बड्या माणसांना त्याचा एवढा राग का येतो, ते या १६० रुपयांतून कळतं. तपासणी म्हणजे त्यांच्या नफ्याच्या मुळाशी हात. मला तर वाटतं, या सिनेमाचा खरा नायक ती तपासायची काचेची नळी आहे.

पण तेंडुलकर आणि बेनेगल तिथे थांबत नाहीत, म्हणून हा सिनेमा प्रचारपट होत नाही. मोजमाप स्वच्छ झालं तरी सोसायटीचा चेअरमन कोण, हा प्रश्न उरतोच, आणि तिथे जात येते, सरपंच येतो, मतं येतात. बिंदूला, म्हणजे सिनेमातल्या स्मिता पाटीलला, व्यापाऱ्याकडून मिळणारा भाव कमी असतो, पण गावात अडीनडीला पैसे देणाराही तोच असतो. हा दुसरा व्यवहार पहिल्याच्या आत दडलेला आहे. कमी भाव म्हणजे त्या उसनवारीचं न लिहिलेलं व्याजच. सहकारी संस्थेनं चांगला भाव दिला पण नड भागवायची सोय केली नाही, तर बाई पुन्हा त्याच दारात जाते. जमलं तर घराजवळच्या संकलन केंद्रावर एक सकाळ जा आणि दूध घालणाऱ्या कुणाची पावती बघू दे म्हण. त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि कपात असते. कपातीच्या रकान्यात पशुखाद्य आणि उचल दिसली, की अमरीश पुरी कुठल्या रकान्यात गेले ते तुला सापडेल.

हे तीन झाले की मग 'द बिग शॉर्ट' बघ, २०१५ चा. आधी नको. तो इतका चटपटीत आहे की सगळं कळल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही, म्हणजे तुझ्या बीआरसारखीच गत. त्यातला एकच व्यवहार धर. मायकेल बरी नावाचा माणूस गृहकर्जं बुडतील यावर पैसे लावतो, पण त्यासाठी त्याला विम्यासारखे हप्ते भरत राहावं लागतं. त्याचं म्हणणं खरं ठरायला वर्षं जातात, तोवर हप्ते जातात आणि त्याचे गुंतवणूकदार पैसे परत मागतात. म्हणजे पुन्हा ड्यूक बंधूंचाच प्रश्न, तग धरायला रोकड किती. 'मार्जिन कॉल' (२०११) त्याच्यानंतर. तो जवळजवळ सगळा बंद खोल्यांत आणि एका रात्रीत घडतो, गाणी नाहीत, मारामारी नाही. बाजाराला कळायच्या आत आपल्याकडचा कुजका माल सकाळी विकून टाकायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. त्यात विकणाऱ्याचा तिसरा रकाना भर आणि घेणाऱ्याचाही. दोघांचे रकाने एकाच मिनिटाला किती वेगळे निघतात ते बघ.

आणि 'गुरू'? बघ की. गाणी छान आहेत. फक्त शेवटी चौकशी आयोगासमोर त्यातला उद्योगपती भाषण करतो, त्याआधी त्याच्यावरचे आरोप कागदावर उतरवून घे आणि भाषण संपल्यावर बघ, त्यांतल्या किती आरोपांना त्यानं उत्तर दिलं. एखाद्या उद्योगपतीच्या यशाच्या सिनेमात हिशेबाच्या जागी असं भाषण आलं की मी सावध होते. मजा म्हणून ठीक आहे, पण त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहायला बसू नकोस.

सुरुवात मात्र संत्र्यांपासूनच कर. शेवटची वीस मिनिटं दोनदा बघ, दुसऱ्यांदा मैत्रिणीला शेजारी बसव आणि १४२च्या आरोळीला तूच थांबवून तिला विचार, यानं विकलं काय? तिला उत्तर येईपर्यंत पुढे चालवू नकोस.